काचेवरची हळद

महारुद्रला पडद्यावरचा हिरवा रंग लई आवडायचा. ईट गावच्या माळावर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनं सोलर प्रकल्प उभारला, तेव्हा आयटीआय करून घरी बसलेल्या ह्या गड्याला तिथं देखरेखीला घेतलं. काम म्हटलं तर सोपं. खोलीत एक संगणक. त्यावर प्रत्येक इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनलची वीज गोळा करून पुढं लायनीला देणाऱ्या पेटीची, एक पट्टी. आज जेवढं ऊन पडलं तेवढ्या उन्हात वीज किती व्हायला पाहिजे होती आणि खरंच किती झाली, हे ती पट्टी दाखवायची. झालेली वीज अपेक्षेला धरून असली की पट्टी हिरवी, मागं पडली की लाल. लाल दिसली की उठायचं, त्या इन्व्हर्टरच्या पॅनलच्या रांगा फिरून बघायच्या आणि कुठला पॅनल मरायला टेकलाय ते हुडकायचं. आजार अंगावर काढायचा नाही, एवढाच त्या कामाचा मतलब.

आता अपेक्षा ठरवायची तर ऊन मोजायला पाहिजे. त्यासाठी रांगेच्या टोकाला, पॅनलसारखाच तिरका धरलेला, काचेच्या घुमटीचा एक सेन्सर होता. घुमटी केवढी, तर लिंबाएवढी. पण अख्ख्या माळाचा हिशेब तिच्यावर चालायचा.

खंडेनवमीला महारुद्रनं हौसेनं पूजा मांडली. आपल्याकडं त्या दिवशी पाभरीला, मोटारीला, अगदी वजनकाट्याला सुद्धा हळदकुंकू लागतं, मग इन्व्हर्टरनं काय घोडं मारलंय? त्यानं आंघोळ करून नवा सदरा घातला. सगळ्या इन्व्हर्टरना हळदकुंकवाचे पट्टे ओढले, झेंडूचे हार घातले, मीटरला गंध लावलं. शेवटी सेन्सरपाशी गेला आणि हळद-कुंकू तेलात कालवून त्या घुमटीच्या ऐन माथ्यावर अंगठ्यानं चांगला ठसठशीत टिळा लावला. पहारेकरी नागप्पानं नारळ फोडला. पॅनल धुणाऱ्या बायाही हात जोडून उभ्या होत्या. त्यांची मुकादम मुक्ताबाई बौद्ध वस्तीतली. तिच्या घरी ही पूजा नव्हती, पण तीही पुढं आली, खोबरं घेतलं आणि म्हणाली, "चांगली व्हऊ दे बाबा वीज."

आणि झालीच की हो! दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या पट्ट्या अपेक्षेच्या वर. एरवी शंभराच्या जरा आत असायच्या, आता एकशे आठ! महारुद्रच्या अंगावर मूठभर मांस चढलं. संस्थेच्या चेअरमनला त्यानं फोन केला, सभेत त्याचं कौतुक झालं. खरं म्हणजे तिथंच त्याच्या मनात पाल चुकचुकायला पाहिजे होती. तेच पॅनल, तेच ऊन, मग जादा वीज आली कुठून? पण कौतुक ऐकताना माणूस असले सवाल विचारत नाही, आणि महारुद्र तर मुळीच विचारणारा नव्हता.

हळूहळू तीन नंबरच्या इन्व्हर्टरची पट्टी खाली येत गेली. शेजारचे एकशे आठवर, हा एकशे दोनवर, मग अठ्ठ्याण्णववर. शेजाऱ्यांशी ताडून पाहिलं असतं तर शेंबड्या पोराला कळलं असतं की ह्याच्या पोटात काहीतरी दुखतंय. पण पट्टी हिरवी होती. हिरवं आहे ना, मग झालं, असं म्हणून महारुद्र उठलाच नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी तो खोलीत येऊन बघतो तर सगळ्या पट्ट्या एकाएकी खाली. बाकीचे अठ्ठ्याण्णववर, आणि तीन नंबर लालभडक, अठ्ठ्याऐंशीवर. तो तसाच बाहेर पळाला. बाया रांगा धुवून हातपाय धुत होत्या.

"सेन्सरला कुणी हात लावला?" तो ओरडला.

"म्या लावला," मुक्ताबाई म्हणाली. "काच माखली होती, धूळ चिकटून पार लेप झाला होता. ओल्या फडक्यानं पुसली. समदी काच साफ करा, असं तूच सांगतोस न्हाय का?"

"ती काच तसली न्हाय! मोजायचं यंत्र हाय ते! घासून वाटोळं केलं तुम्ही त्याचं!"

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण सभेतलं कौतुक, ते एकशे आठ, सगळं हातातून निसटल्यासारखं वाटलं त्याला, आणि जीभ घसरली. खरं तर जीभ काही आपोआप घसरत नाही, आत असतं तेच बाहेर येतं. नागप्पासमोर, सगळ्या बायांसमोर तो म्हणाला, "म्या पूजा केलेली तुम्हाला बघवली न्हाय. तुमच्या लोकांना आमच्या देवाचं वावडंच. म्हणून पुसलं."

विठाबाई म्हणून दुसरी बाई होती, तिच्या हातातली बादली तशीच राहिली. मुक्ताबाईनं फडकं पिळलं, तारेवर वाळत घातलं आणि फाटकातून चालती झाली. महारुद्रनं बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराला कळवलं की बाईनं सेन्सर बिघडवला, तिला परत पाठवू नका. ठेकेदारानं लगेच तिचं नाव काढलं.

आणि तीन नंबरची लाल पट्टी? सेन्सरच बिघडलाय, तर लाल दिसणारच, असं म्हणून ह्या शहाण्यानं तिची लाल व्हायची सूचनाच बंद करून टाकली. नवा सेन्सर मागवला आणि चहा पीत बसला.

नव्या सेन्सरआधी सोलापूरहून शिवलिंग नावाचे इंजिनिअर आले. संस्थेनंच बोलावले होते, कारण मीटरवरची वीज खरोखरच कमी भरायला लागली होती. शिवलिंगसाहेबांनी भर दुपारी आपल्याकडचं हातात धरायचं ऊनमापक सेन्सरशेजारी त्याच तिरक्या कोनात धरलं. दोन्हीकडं आकडा तोच. त्यांनी पुन्हा धरलं. पुन्हा तोच.

"सेन्सर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "बिघडला कोण म्हणालं?"



मग उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन ते तीन नंबरच्या रांगांत शिरले. एकाच खेपेच्या पॅनलांच्या पाठीमागच्या, तारा जोडायच्या डब्या कॅमेऱ्यात पांढऱ्याफटक दिसत होत्या, इतक्या तापलेल्या. त्यांनी वीज बंद करून एक डबी उघडली. आत पाणी मुरून डायोड गेले होते आणि त्यामुळं त्या पॅनलचा तिसरा हिस्सा मेल्यासारखा पडून होता. असे कितीतरी. शेवटच्या पॅनलची पाठ करपली होती, जोडणी वितळून लोंबत होती, आणि तिच्या खाली वाळलेलं कुसळीचं गवत गुडघाभर वाढलेलं.

"ठिणगी पडली असती तर माळ पेटला असता," शिवलिंगसाहेब म्हणाले. "हे महिन्याभराचं दुखणं आहे. तुम्हाला लाल दिसायला पाहिजे होतं. दिसलं कसं नाही?"

"दिसलं की, पण... दिवाळीनंतर एका सकाळी सगळ्याच पट्ट्या पडल्या होत्या."

"सगळ्या एकदम? एकाच सकाळी? अहो, सगळे पॅनल काय ठरवून एका रात्रीत बिघडतात का? सगळे एकदम हलले म्हणजे मोजणारा हलला. त्या दिवशी सेन्सरला काय केलं होतं?"

"पुसला होता."

"मग आधी तो माखलेला होता. माखलेला सेन्सर ऊन कमी मोजतो, अपेक्षा कमी धरतो, आणि आजारी इन्व्हर्टर पण त्यात पास होऊन जातो. ज्यानं पुसला त्यानं तुमचा प्रकल्प वाचवला म्हणायचा. माखवला कुणी?"

महारुद्रच्या अंगठ्याला जणू ओली हळद लागलेली होती. त्यानं हात पाठीमागं नेला. नागप्पा जवळच उभा होता, त्यानं नारळ फोडलेला, त्याला सगळं ठाऊक. पण नागप्पा जमिनीकडं बघत राहिला. आणि महारुद्र, आपला हा कौतुकाचा गडी, काय म्हणाला? "धूळ बसली असंल, साहेब." साहेबांनी मान हलवली आणि गाडीत बसले.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. देवाचं काही चुकलं नव्हतं, हळदीचंही नव्हतं. टिळा खांबाला लावला असता तर काय बिघडणार होतं? चूक त्याच्या अंगठ्याची होती, आणि तिचं खापर त्यानं एका बाईवर फोडलं होतं. नुसतं बाईवर नाही, तिच्या माणसांवर. हे आठवलं की त्याला स्वतःचीच किळस यायची.

त्यानं शिवलिंगसाहेबांना फोन करून खरं सांगितलं. ठेकेदाराला सांगितलं, बाईंची काही चूक नाही, परत घ्या. ठेकेदार म्हणाला, बाई येत नाही म्हणते. तेव्हा महारुद्र स्वतः बौद्ध वस्तीत गेला. मुक्ताबाई विहारासमोरच्या ओट्यावर तूर निवडत होती. विठाबाई आणि आणखी चारदोन बाया होत्या. नागप्पालाही त्यानं हट्टानं सोबत आणलं होतं, कारण ते बोलणं ऐकलं होतं त्यानंही.

"काकू," महारुद्र म्हणाला, "सेन्सर बिघडला नव्हता. म्याच त्याला टिळा लावून आंधळा केला होता. तुम्ही पुसला म्हणून खरं कळलं. पॅनल जळाले ते माझ्या चुकीनं. तुम्ही कामावर या. म्या हात जोडतो."

मुक्ताबाई तूर निवडत राहिली. "काचेचं झालं," ती म्हणाली. "पुढचं?"

"पुढचं काय, काकू?"

"काचेपायी म्या घरी बसले न्हाय, महारुद्रा. यंत्र मोडलं म्हणालास, ते म्या सोसलं असतं. त्याच्या पुढं काय बोललास?"

त्याला वाटलं, हे न बोलता माफी मागता आली तर किती बरं. विठाबाई बघत होती. नागप्पानं तोंड फिरवलं. महारुद्रचे डोळे भरून आले, तरी मुक्ताबाईनं त्याला सोडलं नाही, थांबून राहिली. अखेर त्यानं ते वाक्य सगळ्यांदेखत जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तुमच्या लोकांना आमच्या देवाचं वावडं, आणि म्हणाला, "हे बोललो. लाज वाटती मला. चुकलो."

मुक्ताबाईनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला.

"सोमवारपासून येते कामाला," ती म्हणाली. "म्हंजी म्या नीटच ऐकलं होतं म्हणायचं. घरी सांगितलं, तेव्हा माझी पोरगी भांडली माझ्याशी. म्हणाली, आई, तूच काहीतरी चुकीचं ऐकलंस, महारुद्रदादा असं बोलायचा न्हाय."