जावयाचा पाहुणचार

आत्याचा कॉम्प्युटर पाचव्यांदा बंद पडून आपोआप सुरू झाला, तेव्हा काकाने जाहीर केलं, "मदरबोर्ड गेला."

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात काकाला कारण सापडलं नाही की मदरबोर्ड जातो. मी पुतणी, सहा वर्षं त्याच्या हाताखाली आहे. त्याची बोटं सोन्याची आहेत, पण धीर अजिबात नाही.

आत्या मात्र शेजारच्या खुर्चीत ताठ बसून होती. सदुसष्टाव्या वर्षी तिची बी. ए.ची शेवटची परीक्षा होती, चार वाजता, ऑनलाइन. परीक्षेचं सॉफ्टवेअर तिच्या जुन्या विंडोजवर चालेना, म्हणून नवं विंडोज टाकून घ्यायला सकाळी अकराला मशीन आणून तिने आमच्या टेबलावर ठेवलं. मोबाइलवर परीक्षा देता येत नाही. आजची चुकली तर वर्ष गेलं.

"बाळ्या, गेला म्हणजे? सकाळपर्यंत तर चालत होता," आत्या म्हणाली. साठीच्या काकाला बाळ्या म्हणायची हिंमत जगात तिच्या एकटीत आहे.

"ताई, जुनं मशीन आहे. जीव तो किती असणार!"

"तुझ्यापेक्षा तरुण आहे."

मला हसू आलं, पण घड्याळात एक वाजला होता. मी म्हटलं, "काका, आधी नीट बघू या, ते नेमकं कुठून परत सुरू होतंय."

बघण्यासारखं तेच असतं. पेनड्राइव्हवरच्या विंडोजच्या फाइली कॉपी होऊन पहिलं रीस्टार्ट झालं, की पुढचं काम आतल्या डिस्कवरून व्हायला हवं. पुन्हा भाषा निवडायचं पहिलं पान आलं तर समजायचं, मशीन परत पेनड्राइव्हवरूनच सुरू होतंय. तो काढला की झालं. पण इथे पेनड्राइव्ह काढूनही फरक नव्हता. "डिव्हाइस तयार करत आहोत" इथवर यायचं, पडदा काळा व्हायचा, की पुन्हा पहिल्यापासून तेच. म्हणजे आतलंच काहीतरी अडत होतं.

मी एकेक वस्तू काढायला लागले. प्रिंटर काढला, तेच. जास्तीचं ग्राफिक कार्ड काढलं, तरी तेच. प्रत्येक वेळी एकच बदल, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. दोन वाजले. आत्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि न पिताच परत ठेवली.

"आता मेमरी तपासू," मी म्हणाले.

"मेमरीत काय असणार? वर आपला जावई बसवलाय की!"

जावई म्हणजे आमच्या दुकानाची मेमरीची पट्टी. इन्स्टॉलेशन भरभर व्हावं म्हणून काका ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये तेवढ्यापुरती बसवतो आणि काम झालं की काढून मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतो. इतके लाड घरच्या खऱ्या जावयाचेही झाले नाहीत. त्याच्यावर संशय घेणार कोण? आपला तो बाब्या!

मी तपासणीचा पेनड्राइव्ह लावला. चारच मिनिटांत पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. जावई काढला आणि आत्याची जुनी पट्टी एकटी तपासली. एकही लाल ओळ नाही. मग जावयाला तिच्याच जागी बसवलं, म्हणजे खाचेला दोष द्यायला नको. पुन्हा लालेलाल.

काका हळूच म्हणाला, "गेल्या महिन्यात दोन मशीनचे मदरबोर्ड गेले म्हणून आपण परत पाठवले."

"आपण?" मी विचारलं.

"बरं, मी." त्याने जावई उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "उद्या दोघांनाही फोन करतो. ताई, चूक माझी आहे."

"कबुलीजबाब नंतर दे. मशीन दे," आत्या म्हणाली.

आधीच्या फाइली बिघडलेल्या मेमरीतून आल्या होत्या, त्यांचा भरवसा नव्हता. डिस्क पुसून मी सगळं पहिल्यापासून केलं, आत्याच्या एकट्या पट्टीवर, गोगलगाईच्या चालीने. पहिलं रीस्टार्ट आलं. आम्ही तिघांनी श्वास रोखला. "डिव्हाइस तयार करत आहोत" आलं, सरकलं आणि पुढे गेलं! मी टाळ्या पिटल्या. काकाने मला मिठी मारली, मग मशीनलाही.

परीक्षेचं सॉफ्टवेअर बसवून चाराला दहा कमी असताना आत्याला मागच्या खोलीत बसवलं. कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसायला नको, म्हणून आम्ही बाहेर. काकाने शटर अर्धं ओढलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडावर बोट ठेवून सांगितलं, "आत परीक्षा आहे. माझ्या बहिणीची." एक बाई तर नुसती काकूची चौकशी करायला आली होती, तिलाही पिटाळलं.

सहा वाजता दार उघडलं. पर्याय निवडायचा पेपर, त्यामुळे निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला होता. शंभरात एकाहत्तर.

काका भोकाड पसरून रडायला लागला. आत्याचेही डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

"रडतोस काय, बाळ्या? मशीन सांभाळून ठेव. जूनमध्ये एम. ए.चा फॉर्म भरायचाय."