कानाजवळचा खिळा

ओट्यावर उपड्या घातलेल्या परातीवर फोन थरथरला आणि दुपारच्या त्या शांततेत ती परात नुसती झणझणली. मांडीवर माझ्या लेकीचा, भार्गवीचा डोळा लागतच होता, ती दचकून उठली.

मार्तंडभाऊंनी फोटो पाठवला होता. खामगावातल्या त्यांच्या ऑफिसात माझे अठरा डबे जातात. घर त्यावरच चालतं.

फोटोत तीन पुडांचा स्टीलचा डबा, झाकण काढून ठेवलेलं. वरच्या पुडात वांग्याची भाजी आणि भाजीत झुरळ. खाली लिहिलं होतं : ‘रेवतीताईंचा डबा. खा आता!’

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. मी स्पीकर लावला.

“ताई, सगळ्या ऑफिसात फिरून राह्यला हा फोटो. लोक म्हणतात, उद्यापासून डबे बंद.”

“कोणी काढला?”

“काय माहीत! फिरत फिरत आला.”

मी फोटो बोटांनी मोठा केला. भाजी बघवेना, म्हणून डबाच बघत बसले. आणि थबकले.

“भाऊ, माझा डबा आहे का समोर? वरचा पूड उचला. त्याचं बूड कसं आहे?”

“खाली थोडं बारीक. खालच्या पुडाच्या तोंडात बसते.”

“म्हणजे सांध्यावर बाहेरून कोणाचा काठ दिसतो?”

“खालच्याचा.”

“आता फोटो पाहा.”

“अरे! यात तं उलटं हाये. वरचा पूड खालच्यावर टोपीसारखा बसला.”

“आणि वरच्या पुडाचं तोंड? आत दबलेलं आहे ना? त्यावरून झाकण बसतं. माझे सगळे डबे एकाच दुकानातले, एकाच घडणीचे. असा एकही नाही.”

“हाव ताई! हा तुमचा नाहीच!” मार्तंडभाऊ हसलेच. “थांबा, सगळ्यायले सांगतो. पण मंग हा हाये कोणाचा बे?”

मी फोटो पुन्हा निरखला. मधल्या पुडाच्या कानाजवळ, डब्याची उभी पट्टी ज्यातून जाते त्या कडीजवळ, लालसर ठिपका होता. तांब्याचा खिळा. कान निखळला तेव्हा माझ्यासमोर ठोकून घेतलेला. आईनं मला लग्नात दिलेला डबा हा. गेल्या महिन्यात स्नेहलताताईंनी, माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, भार्गवीच्या मोठ्या आईनं, डबे द्यायला सुरुवात केली, तेव्हा मीच कौतुकानं त्यांच्या हातात ठेवला होता. पहिलं गिऱ्हाईकही मीच दिलं होतं.

“ताई? ऐकू येऊन राह्यलं ना? कोणाचा डबा?”

भार्गवी माझ्या दंडाला लोंबकळून फोनमध्ये बघत होती. स्पीकर चालूच होता.

“आई, हा तं मोठ्या आईचा डबा! तिनं त्यात झुरळ काऊन टाकलं?”