साळूबाईंचा रंग

२००९ साली हर्षलने पेठकडच्या भातशेतीवर माहितीपट केला. रंग जुळवायचं काम मोहिनीकडे, नाशिकच्या तिच्या लहानशा स्टुडिओत होतं. हर्षलला सगळ्या फिल्मवर थोडी निळसर, धुक्यातली छटा हवी होती. मोहिनीने त्यासाठी एक लट बनवलं होतं, म्हणजे कुठल्या रंगाच्या जागी कुठला रंग दाखवायचा, याचा तयार तक्ता.

ते लावताच ट्यूबलाइटखाली घेतलेल्या दृश्यात शेतकरी साळूबाईंचा चेहरा आजारी, हिरवट दिसू लागला.

"उजळ कर ना त्यांना थोडं," हर्षल म्हणाला.

मोहिनीने रंग मोजणारा स्कोप उघडला. माणसाच्या त्वचेचा रंग, गोरा असो की सावळा, त्यावर एका ठरावीक रेषेवर पडतो; साळूबाईंच्या चेहऱ्याचे ठिपके त्या रेषेपासून हिरव्याकडे सरकले होते. मग तिने हर्षल स्वतः उन्हात बोलतो ते दृश्य लावलं. त्याचे ठिपके नेमके त्या रेषेवर होते.

"तू गोरा, त्या सावळ्या, पण रेष दोघांची एकच. फरक फक्त उजेडाचा आहे. बिघडवलंय ते ट्यूबलाइटच्या हिरवेपणाने."

हर्षलने पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मग उजळू नकोस," तो म्हणाला.

तिने आधी ट्यूबलाइटच्या प्रत्येक दृश्यातला हिरवेपणा काढला आणि मगच त्यावर लट लावलं. त्वचेचा रंग निळ्याकडे सरकू नये म्हणून तेही सौम्य केलं.

गावच्या शाळेत फिल्म दाखवली, तेव्हा साळूबाई हसून म्हणाल्या, "शेत काय एवढं निळं नाय आमचं. पण मी हाय तशीच हाय."