डाळिंबी शालू

सासूबाईंनी कपाटाच्या तळातून काढलेला शालू सुनेपुढे पलंगावर पसरला. डाळिंबी रंग, रुंद जरीचा काठ, आणि वजन असं की उचलायला दोन्ही हात लागावेत. नव्या घराच्या वास्तुशांतीला तिनं हाच नेसायचा, असं सासूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

सून हॉस्पिटलात नर्स होती. दिवसभर उभं राहणं तिच्या अंगवळणी पडलेलं, पण मांडी घालून बसलं की थोड्या वेळात पायाला मुंग्या. पूजा आणि होम म्हणजे सगळी सकाळ पाटावर जाणार, आणि उठल्याबरोबर पाहुण्यांची पानं तिनंच वाढायची. या शालूत ते कसं जमणार? पण सासूबाई कधी काही मागायच्या नाहीत. त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटेना. शेवटी तिनं एकदा नेसून, बसून बघते, एवढंच सुचवलं.

रविवारी तिघं नव्या घरात गेली. भिंतींना ओल्या रंगाचा वास होता. नवरा वायरमन, तो पंखा बसवायला शिडीवर चढला होता. त्याला खाली उतरवून सतरंजीवर बसवलं, खांद्यावर पंचा टाकला आणि त्याच्या टोकाशी सुनेच्या पदराची गाठ मारली. सासूबाई स्वतः गुरुजी झाल्या आणि संथपणे एकेक विधी सांगू लागल्या.

सुरुवात बरी झाली. मग परकराची नाडी पोटात रुतू लागली. उभ्यानं बेताची बांधलेली नाडी बसल्यावर आवळते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. आपल्याला गाठ मारली आहे हे विसरून तो ताडकन उठला, पदर ओढला गेला आणि खांद्याची पिन सुनेला टोचली. त्याला थांबवायला ती उठली, तर पाय बधिर झालेला. तिनं स्वतःच्याच निऱ्यांवर पाय दिला आणि सगळ्या निऱ्या सुटून हातात आल्या. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. तरी वाढून बघायचं राहिलंच होतं. गाठ सोडून, निऱ्या कशाबशा खोचून ती रिकामं ताट घेऊन वाकली, आणि जड पदर सरळ पाण्याच्या बादलीत गेला.

आता मात्र सासूबाईंचं हसू मावळलं. खाली बसून त्या ओलं टोक पंच्यानं टिपू लागल्या, अगदी हलक्या हातानं.

"लग्नातला आहे का हा, आई?" सुनेनं विचारलं.

"नाही गं. आपलं घर झालं की वास्तुशांतीला नेसायचा म्हणून ह्यांनी आणला होता. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो. मग हे गेले."

शिडीशी उभा असलेला मुलगा हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत राहिला. त्यालाही हे नवीनच होतं.

सून त्यांच्याशेजारी खाली बसली. मग म्हणाली, "हा पाटावर बसायलाही नाही आणि वाढायलाही नाही. ज्याला खुर्चीत बसून आल्यागेल्याचं स्वागत करायचंय, त्यानं नेसायचा आहे. तुम्ही नेसा."

सासूबाईंनी नको म्हटलं. वय झालं, रंग शोभत नाही, लोक काय म्हणतील, सगळं सांगून झालं. सून वॉर्डातल्या हट्टी पेशंटचं ऐकावं तसं शांतपणे ऐकत राहिली. मग सासूबाईच म्हणाल्या, "बरं, पण तुला मी नेसवणार."

वास्तुशांतीच्या सकाळी त्यांनी सुनेला स्वतःची एक जुनी रेशमी साडी नेसवली. धुऊन धुऊन मऊ झालेली, बारीक काठाची. होमाजवळ नायलॉन नको, हे त्यांनी बजावलं. नाडी बांधताना तिला पाटावर बसवलं, निऱ्या कमी आणि रुंद घेतल्या, साडी घोट्याच्या जरा वर ठेवली आणि गाठीसाठी पदर हातभर सैल सोडला. मुलाच्या धोतरावर त्यांनी पट्टाही बांधून दिला.

पूजा निर्विघ्न पार पडली. सुनेच्या पायाला मुंग्या आल्याच. मंत्रांच्या आडून ती साडीखाली बोटं हलवत राहिली. नंतर पदर कमरेला खोचून तिनं सगळ्यांना वाढलं.

दाराजवळच्या खुर्चीत सासूबाई शालू नेसून बसल्या होत्या. सुरुवातीला आखडलेल्या होत्या, काठ पायाखाली दडवत होत्या. मग शेजारच्या इमारतीतल्या एक बाई आल्या, कुणाला ओळखत नव्हत्या. त्या थेट सासूबाईंपुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन. घर छान आहे हो तुमचं."

सुनेनं हातातलं भांडं तसंच धरून तिकडे पाहिलं.

सासूबाईंनी काठ मोकळा सोडला, नीट बसल्या आणि म्हणाल्या, "या ना आत. आधी स्वयंपाकघर दाखवते."