एकतीस नंबरचं कार्ड

दर महिन्याच्या पाच तारखेला भूषण माझ्या टेबलावर नमुना खोलीच्या दाराच्या नोंदी छापून आणून ठेवायचा. सहा-सात पानं असत. खाली सही करायची आणि फाइलला लावायची, एवढंच माझं काम. माझ्या आधीचे लोक न वाचताच सही करत. मी मात्र लाकडी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायची. चाळीस वर्षं हजेरीची बुकं आणि साठ्याची बुकं वाचलेली बाई, सवय कुठे जाणार?

धुळ्यातली आमची बियाणं तपासणारी प्रयोगशाळा काही मोठी नाही. अकरा माणसं. कापसाचं बियाणं यायचं, त्याची उगवण तपासायची, आणि प्रत्येक नमुन्याची एक पिशवी लाखेचं सील मारून थंड खोलीत ठेवायची. पुढे कुणी तक्रार केलीच, तर तीच पिशवी फोडून पुन्हा तपासणी होते. म्हणून त्या खोलीला महत्त्व. तिथलं यंत्र रात्रंदिवस पंधरा अंशांवर घुमत असतं आणि दाराला कार्ड लावल्याशिवाय ते उघडत नाही. आतून बाहेर यायला मात्र नुसतं बटण आहे.

त्या महिन्यात माझी पट्टी एका ओळीवर थांबली. गुरुवार, रात्री आठ बावन्न. कार्ड क्रमांक एकतीस. दार उघडलं. नऊ वाजून तीन मिनिटांनी दार बंद झालं.

आमचं ऑफिस सहाला सुटतं.

पुढच्या पानावर पुढचा गुरुवार. आठ एक्कावन्न, कार्ड एकतीस. त्याच्या पुढचा गुरुवार, पुन्हा आठ बावन्न. तिन्ही वेळा दार अकरा मिनिटं उघडं होतं. आत जायला कुणालाही एक क्षण पुरतो. अकरा मिनिटं कुणी दार उघडं धरून का उभं राहील, हे मला कळेना.

मी भूषणला बोलावलं. संगणकाचं आणि कार्डांचं सगळं तोच पाहायचा. मशिनचं घड्याळ चुकलं असेल, असं त्याला आधी वाटलं. त्याने ते मोबाइलशी ताडून पाहिलं, मिनिटाचाही फरक नव्हता. मग त्याने खोलीच्या तापमानाचा आलेख काढला. वेगळं यंत्र, वेगळी नोंद. दर गुरुवारी बरोबर त्याच वेळी सरळ रेघेला एक उंचवटा आलेला. पंधरावरून सव्वासतरा, आणि मग हळूहळू खाली. कुणीतरी थंड काचेवर श्वास सोडावा आणि तो विरून जावा, तसा. म्हणजे दार खरंच उघडलं होतं.

"एकतीस नंबर मोहिनीचा आहे, अक्का," भूषण म्हणाला, आणि लगेच त्याने खाली पाहिलं.

मोहिनी यावलकडची मुलगी. आईवडील केळीच्या बागांतल्या कामावर. ती धुळ्यातच, देवपुरात एक खोली घेऊन एकटी राहायची. दोन वर्षं कंत्राटावर होती. कायम करण्याचं पत्र हितेंद्रभाऊंच्या टेबलावर तयार होतं, महिनाअखेरीला सही व्हायची होती. हितेंद्रभाऊ म्हणजे आमचे मालक.

त्या दिवशी आम्ही नमुना खोलीतल्या सगळ्या पिशव्या मोजल्या. एकही कमी नव्हती. एकेक सील भिंग लावून पाहिलं, लाखेला कुठे तडा नव्हता. फक्त बाहेरच्या बोळातलं स्टूल आत, मांडणीच्या समोर ठेवलेलं होतं. तपासनीस म्हणाले, ते महिनाभर तिथेच आहे, कुणीतरी उंच कप्प्यासाठी नेलं असेल असं आम्हाला वाटलं. प्रत्येकाला दुसऱ्याने नेलं असं वाटत होतं. ते स्टूल मी बाहेर काढलं तेव्हा त्याचं लाकूड बर्फासारखं गार लागलं.

रखवालदार अभिमन गेटपाशी बसतो. त्याला विचारलं तर तो हात जोडून म्हणाला, "अक्का, सात वाजता बठ्ठं बंद शे. मी कोनले बी दखं नही." सगळं बंद होतं, त्याने कुणालाच पाहिलं नव्हतं. इमारतीच्या पुढच्या दाराला सकाळी एकदा उघडल्यावर सातपर्यंत कार्ड लागत नाही, सातनंतर आत यायला लागतं. आतून तिथेही बटणच आहे, बाहेर पडल्याची नोंद होत नाही. त्या दाराच्या नोंदीत तिन्ही गुरुवारी सातनंतर कुणीही आत आलेलं नव्हतं. म्हणजे जे कुणी होतं ते सातच्या आधीपासूनच आत होतं. सगळे दिवे गेल्यावर जवळजवळ दोन तास अंधारात बसून होतं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असे, पण त्याची हार्ड डिस्क दिवाळीपासून बंद होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

हितेंद्रभाऊंनी लेखी अहवाल मागितला. प्रयोगशाळेचं परीक्षण करणाऱ्या मंडळाला तो जळगावात नेऊन द्यायचा होता. "सरळ लिहा अक्का," ते म्हणाले, "मोहिनीने रात्री खोली उघडली. तिचं उत्तर मागवा."

मोहिनीला मी आधीच विचारलं होतं. त्या तिन्ही संध्याकाळी ती खोलीवर होती, एकटी. "मी सांगितलं तर कोण मानेल? माझ्याकडे साक्षीला भिंती आहेत," ती म्हणाली. ती रडली नाही. तिने पाणी मागितलं आणि पेला तोंडापर्यंत नेऊन तसाच खाली ठेवला.

मी कोरा कागद पुढे ओढला आणि मला तोताराम आठवला.

एकोणीसशे त्र्याऐंशीची गोष्ट. यावल तालुक्यातल्या एका बियाण्याच्या गोदामात मी नव्यानेच कारकून लागले होते. गोदामाभोवती केळीच्या बागा. दुपारी सगळं इतकं सामसूम व्हायचं की पान फाटल्याचाही आवाज येई. एका सुट्टीच्या दिवशी गोदाम उघडलं गेलं होतं. किल्लीच्या बुकात भांडारपाल तोतारामचं नाव होतं. मी नीटनेटक्या अक्षरात अहवाल लिहिला, 'तोताराम यांनी गोदाम उघडले.' साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. तोताराम नोकरी गमावून गावी गेला. वर्षभराने मला समजलं, त्या बुकात किल्ली कुणीही नेली तरी नाव भांडारपालाचंच लिहायची तिथली रीत होती. मी ते बोलले, पण तोवर उशीर झाला होता. त्याच्या गावी निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. त्याचे पांढरे कॅनव्हासचे बूट कितीतरी दिवस गोदामाच्या पायरीपाशी तसेच होते, कुणी उचलले नाहीत.

बुकातलं नाव म्हणजे माणूस नव्हे, हे मला तेव्हा कळलं होतं. आणि आता कार्डाचा नंबर म्हणजे माणूस का? मोहिनीचं कार्ड रात्री कुठे असतं?

ते मलाच ठाऊक होतं. ते माझ्या पाठीमागच्या भिंतीवर असायचं.

पोरंपोरी कार्ड घरी विसरून येत. कुणाचं शिंदखेड्याला राहिलं, कुणाचं दुसऱ्या पॅंटच्या खिशात. सकाळी नमुना खोलीच्या दारापाशी खोळंबा व्हायचा. म्हणून मीच तीन वर्षांपूर्वी सुताराकडून खिळ्यांचा फळा करून घेतला होता, जुन्या गोदामातल्या किल्ल्यांच्या फळ्यासारखा. संध्याकाळी जाताना सगळ्यांनी कार्ड आपल्या खिळ्याला अडकवायचं. पुढच्या दाराला सकाळी मी माझं कार्ड लावायची, मग सगळ्यांची कार्डं फळ्यावर तयार. इतकं सोयीचं वाटलं होतं की पाहुण्यांना मी तो फळा कौतुकाने दाखवत असे.

मी लिहिलं: 'कार्ड क्रमांक ३१ वापरून नमुना खोलीचे दार तीन वेळा कार्यालयीन वेळेनंतर उघडले गेले. त्या वेळी कार्ड कोणाच्या हातात होते, हे या नोंदींवरून सांगता येत नाही. माझे सोडून सर्व कार्डे रात्री उघड्या फळ्यावर राहत असत. ही पद्धत मी सुरू केली.' खाली माझी सही.

हितेंद्रभाऊंनी ते दोनदा वाचलं. "तुम्ही स्वतःला अडकवलं, अक्का."

"अडकवलं नाही भाऊ. जे होतं ते लिहिलं."

"आणि ही मुलगी? तुमच्या अहवालाने ती सुटली असं होत नाही."

"सापडली असंही होत नाही."

मोहिनीचं पत्र त्यांनी खणात टाकलं. महिनाअखेरपर्यंत काही उलगडलं नाही, तर तिचं कंत्राट वाढवायचं नाही, असं त्यांनी भूषणला सांगितल्याचं मला कळलं.

फळा त्याच दिवशी उतरला. एकतीस नंबर भूषणने मशिनमधून रद्द केला. जुनं कार्ड मी कात्रीने मधोमध कापलं, तुकडे पाकिटात घातले, वर हितेंद्रभाऊ, भूषण आणि मी अशा तिघांनी सह्या केल्या आणि पाकीट कपाटात कुलूपबंद केलं. मोहिनीला नवा नंबर मिळाला. नवी कार्डं ज्याची त्याने जवळ ठेवायची ठरली. ती यायला आठवडा होता.

पुढच्या गुरुवारी अहवाल द्यायला आम्ही जळगावला गेलो. हितेंद्रभाऊ, मी, आणि नमुन्यांच्या नोंदी ती ठेवायची म्हणून मोहिनी. परीक्षकांनी बराच वेळ बसवून घेतलं. परतताना पारोळ्याजवळ चहाला थांबलो. मोहिनी बाकाच्या टोकाला कप हातात धरून बसली होती. हितेंद्रभाऊ तिच्याशी दिवसभर कामापुरतंच बोलले होते. बिल देताना त्यांनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, नऊला पाच कमी, चला.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला पोचले तर भूषण मशिनसमोर उभा होता. तो पानं छापत नव्हता. नुसता पडद्याकडे पाहत होता.

आठ बावन्न. कार्ड एकतीस. प्रवेश नाकारला.

आठ त्रेपन्न. कार्ड एकतीस. प्रवेश नाकारला.

आठ पंचावन्न. कार्ड एकतीस. प्रवेश नाकारला.

मी कपाट उघडलं. पाकीट तसंच होतं, सह्या तशाच. फोडून पाहिलं, दोन्ही तुकडे आत. तापमानाची रेघ त्या रात्री सरळ होती, एक कणही हललेली नाही. भूषण सावकाश सांगू लागला, आपली कार्डं जुन्या पद्धतीची आहेत, त्यांच्यात नुसता एक नंबर असतो. बाजारात छोटंसं यंत्र मिळतं, कार्ड दोन सेकंद जवळ धरलं की दुसरं कार्ड तयार. फळ्यावरून कुणीही, कधीही घेतलं असेल. मला ते समजलं. तरी त्या बंद दारापुढे अंधारात कुणीतरी तीन मिनिटं उभं होतं, पुन्हा पुन्हा कार्ड लावत होतं, आणि का उघडत नाही हे त्याला कळत नव्हतं, हे माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

हितेंद्रभाऊ आले. त्यांनी तिन्ही ओळींवर बोट ठेवलं. बोट शेवटच्या वेळेवर थांबलं.

"आठ पंचावन्न," ते म्हणाले. "तेव्हा ती माझ्यासमोर बाकावर बसली होती."

त्यांनी खण उघडला, पत्र काढलं, सही केली आणि मला म्हणाले, तुम्हीच द्या. मग विचारलं, "मग कोण असेल, अक्का?"

मी पुरवणी अहवाल लिहिला. वेळा लिहिल्या, नंबर लिहिला, प्रत असण्याची शक्यता लिहिली. नाव कुठेच लिहिलं नाही, संशयही नाही.

दुपारी नवी कार्डं आली. बाकीचे दहा जण एकेक करून माझ्या टेबलाशी आले. मी बुक पुढे करत होते, ते सही करत होते, मी कार्ड हातावर ठेवत होते. कुणाचा हात गार होता, कुणाचा घामेजलेला. मी मान वर केली नाही. एकाही चेहऱ्याकडे पाहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. शेवटची मोहिनी होती. तिला मी पत्र दिलं, आणि तिच्या तोंडाकडे मात्र पाहिलं.

ती पत्र वाचत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे, बोळातल्या त्या बंद दाराकडे पाहत होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "आज संध्याकाळी सगळे गेल्यावर तुम्ही मला इथे एकटीला ठेवून जाऊ नका."

आम्ही दोघी सहाला बरोबरच बाहेर पडलो.