काट्यावरचे दोन किलो

मच्छिंद्र काट्यावरून उतरला आणि जिमच्या उस्ताद पाशामियाँनी काटा पुन्हा एकदा शून्यावर आणून पाहिला. काटा बराबर होता. मागच्या सोमवारी बहात्तर भरलेला मच्छिंद्र या सोमवारी चौऱ्याहत्तर भरत होता.

"क्या खाया?" उस्तादांनी विचारलं.

"काही न्हाई उस्ताद. तुम्ही सांगितलं तेवढंच."

"मंग हे दोन किलो कुठून आले? हवेतून?"

जिममधल्या पोरांनी डंबेल्स खाली ठेवले. मच्छिंद्रने सर्जेरावकडे पाहिलं. सर्जेराव आरशासमोर उभा राहून मनगटाला पट्टा गुंडाळत होता, आणि तो गुंडाळतच राहिला.

मच्छिंद्र मूळचा भोकरदनकडचा, एमआयडीसीत लोखंडी सळ्या बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला. सर्जेराव त्याच मिलमध्ये, त्याच पाळीला. चार वर्षं दोघं एकाच बाइकवरून कामावर जात आणि तिथून थेट जिममध्ये येत. एकाने बार उचलायचा, दुसऱ्याने डोक्यापाशी हात धरायचा, बार निसटला तर झेलायला. नांदेडची मराठवाड्याची शरीरसौष्ठव स्पर्धा दीड महिन्यावर होती आणि उस्ताद सत्तर किलोच्या गटात या दोघांपैकी एकालाच पाठवणार होते. मच्छिंद्रचं शरीर उजवं होतं. फक्त पोटावरची चरबी उतरवून त्याला सत्तरच्या आत यायचं होतं. ती उतरतही होती, दर आठवड्याला अर्धा-पाऊण किलो.

मागच्या सोमवारच्या वजनानंतर लगेच सर्जेरावने औरंगाबादहून पांढऱ्या पावडरचा डबा आणला होता. क्रिएटिन.

"खाणं कमी केलं की ताकद पडती," तो म्हणाला होता. "ह्यानं टिकती. इंजेक्शन-बिंजेक्शन न्हाई हे, मटणात बी असतंय. पहिले पाच-सहा दिवस चार चमचे, मंग एकच. फक्त उस्तादला बोलू नको. त्याला पावडर म्हणलं की डोकंच फिरतं."

मच्छिंद्रने घेतलं. खरंच बार हलका वाटायला लागला. आणि आता हे.

"काटा झूठ नहीं बोलता," उस्ताद म्हणाले. "पुढच्या सोमवारी उतरलं न्हाई तर सर्जेराव जाईल."

घरी बायकोने, बेबीनंदाने, ताट वाढलं. एक भाकरी, मटकीची उसळ, उकडलेली अंडी. गेले दोन महिने ती त्याच्यासाठी वेगळं रांधत होती. वजनाचं ऐकून तिचा हात थांबला.

"खरं सांगा, बाहेर काही खाऊन राह्यले का?"

"तू बी?"

"मी विचारलं फक्त."

तो ताटावरून उठला. त्याची पँट कमरेला सैल झाली होती, मागच्या महिन्यात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं. पण ते त्याला आठवलंच नाही. त्याला फक्त काट्यावरचा आकडा दिसत होता. आपणच झोपेत उठून काही खातो की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

त्याने भाकरी बंद केली. मीठ बंद केलं. मग पाणी तोडलं. दिवसभरात दोन-तीन घोट. मिलमध्ये भट्टीतून लालभडक सळ्या धावत बाहेर येत, तिथं माणूस घटाघटा पाणी प्यायचा तेव्हा कुठं उभा राहायचा. सर्जेराव शेजारच्या रोलवर होता. मच्छिंद्र माठाकडे जात नाही, हे तो बघत होता.

शुक्रवारी मच्छिंद्रच्या पोटऱ्यांत गोळे आले. त्याने सांडशी खाली ठेवली आणि तो तिथंच कोसळला. मुकादमाने पाय धरून मागं ओढलं म्हणून तो सळीपासून वाचला.

शुद्ध आली तेव्हा हाताला सलाइन होतं. बेबीनंदा उशाशी होती, सर्जेराव शहाळं घेऊन दाराशी. डॉक्टर मिलमधल्या कामगारांचे नेहमीचे होते. त्यांनी विचारलं, "काय काय घेता? खरं सांगा."

आता लपवून उपयोग नव्हता. मच्छिंद्रने पावडरचं सांगितलं, दोन किलोचं सांगितलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ते पाणी आहे! क्रिएटिन स्नायूंत साठतं आणि सोबत पाणी ओढून घेतं. पहिल्या आठवड्यात कुणाचं एक, कुणाचं दोन किलो वाढतं. ती चरबी नाही. चार-सहा दिवसांत दोन किलो चरबी चढवायची तर रोजच्या जेवणावर आणखी दहा-बारा भाकरी खाव्या लागतील. खाल्ल्या का?"

"एक बी न्हाई."

"कंबर वाढली?"

बेबीनंदाच बोलली, "कमी झाली. पट्टा आत गेलाय."

"मग झालं तर. चरबी उतरतेच आहे, वरून पाण्याची भर पडली म्हणून काट्यावर दिसत नाही. ही वाढ एकदाच होते. तिथं थांबते. मग तो नवा आकडा धरून पुढचं मोजायचं, सकाळी उपाशीपोटी, आठवड्याची सरासरी काढून, आणि जोडीला कमरेचं माप. पावडर सोडली तर हे पाणी तीन-चार आठवड्यांत आपोआप जातं. पाणी पिणं तोडून काय मिळवलंत? मरायची वेळ आली."

"मी बी घाबरलो होतो पहिल्यांदा," सर्जेराव दारातून म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता बहुधा. "मागल्या वर्षी मला बी दीड किलो चढल्तं. दुकानवाल्यानंच सांगितलं, पाणी हाय म्हणून."

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले.

"तुला ठाऊक होतं," मच्छिंद्र म्हणाला.

सर्जेरावच्या लक्षात आलं. त्याने शहाळं खाली ठेवलं. "देताना माझ्या मनात काही नव्हतं, मच्छिंद्र. आईची शपथ."

"देताना नव्हतं. मंग सोमवारी?"

"उस्ताद एवढा भडकला..."

"मी तुझ्याकडं बघितलं होतं सर्जेराव. चार दिवस तू मला पाण्यावाचून बघून राह्यला. एक शब्द टाकला असता."

सर्जेराव शहाळं तिथंच सोडून निघून गेला. बाइकचा आवाज खालून आला, ओळखीचा. मच्छिंद्रने भिंतीकडे तोंड केलं. बेबीनंदाने पाठीवर हात ठेवला तेव्हा तो म्हणाला, "बाहेर खातो का म्हणून तू तरी मला विचारायचं नव्हतं." तिचे डोळे भरले.

दोन दिवसांनी पाशामियाँ घरी आले. त्यांनी डॉक्टरांकडून सगळं ऐकलं होतं. खुर्ची न घेता सतरंजीवर बसले.

"मला पावडरीतलं काही कळत न्हाई बेटा. गलती हो गई. नाव अजून दिलं न्हाई. पावडर सोड, पाणी निघून जाईल, चरबी उतरतेच आहे. स्पर्धेपर्यंत सत्तरमध्ये येशील. तूच जा."

मच्छिंद्रने त्यांच्यासाठी चहा सांगितला.

"पावडरचं मी लपवलं, ती माझी चूक," तो म्हणाला. "पण खाण्याचं मी खरं सांगत होतो उस्ताद. चार वर्षं तुमच्या हाताखाली होतो. तुम्ही काट्याचं खरं धरलं, माझं न्हाई. मी जाणार न्हाई."

उस्तादांनी चहा अर्धाच प्यायला.

नांदेडला सर्जेराव गेला आणि पहिल्या फेरीतच बाहेर पडला. मच्छिंद्रने मुकादमाला सांगून पाळी बदलून घेतली. तो आता टेंपोने कामाला जातो आणि अंबड रोडवरच्या दुसऱ्या जिममध्ये एकटा व्यायाम करतो. पुढच्या वर्षी तो पंच्याहत्तरच्या गटात उतरला, क्रिएटिन घेऊन, नव्या उस्तादांना सांगून. तिसरा आला. बेबीनंदा बघायला आली होती. तिने टाळ्या वाजवल्या, त्याने तिच्याकडे बघून हात हलवला.

मात्र बार छातीवर घेताना तो आता कुणालाही डोक्यापाशी उभं राहू देत नाही. जेवढं एकट्याला उचलता येईल, तेवढंच लावतो.