एप्रिल बंद होईना

तुर्भ्याच्या एमआयडीसीत लोणची-मसाल्यांच्या कारखान्यात अस्मिता दाभोळकर अकाउंट्स मॅनेजर होती. मे महिना उजाडला तरी एप्रिलची खाती बंद होत नव्हती. सॉफ्टवेअर मालाचं मूल्यांकन सुरू करायचं, अर्ध्यावर थांबायचं आणि म्हणायचं, 'परत आलेल्या मालाची किंमत सापडत नाही.' मूल्यांकन झाल्याशिवाय महिना बंद होत नाही, आणि शनिवारपर्यंत बँकेला मालाचं विवरणपत्र द्यायचं होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांची कंपनी महापेला. त्यांच्याकडे तक्रार नोंदवलेली होती, पण दर वेळी एकच उत्तर यायचं, "मॅडम, रांगेत आहे."

"अहो, फरकाची एक जर्नल एंट्री हातानं टाका ना," मालक केयूर सर केबिनमधून म्हणाले. "नंतर बघू."

"खात्यात आकडा बसेल, सर. पण गोदामाचा हिशेब वेगळाच राहील. ऑडिटर विचारेल तेव्हा मी काय सांगू?"

अस्मिता जागेवर आली आणि तिनं महापेच्या सपोर्टला सरळ फोन लावला. ईश्वरी नावाच्या इंजिनीअरनं तो घेतला.

"खरं सांगू का, मॅडम? तुमच्या कंपनीसाठी या आठवड्यात मी एकटीच आहे आणि तुमच्याच सरांच्या डॅशबोर्डच्या कामावर बसलेय. त्यांनी 'अतितातडी' टाकलंय. ते बदलायचं तर लेखी पाहिजे. त्यांच्या संमतीनं."

शुक्रवारी वितरकांची बैठक होती आणि तिथे पडद्यावर दाखवायचा तो विक्री-नफ्याच्या रंगीत आलेखांचा डॅशबोर्ड म्हणजे सरांचा जीव की प्राण. तरी ती पत्र लिहायला बसली. पहिल्या मसुद्यात राग होता, 'आम्ही दुसरीकडे जाऊ' अशी धमकीही होती. वाचून तिचं तिलाच वाटलं, याचा ईश्वरीला काय उपयोग? तिनं तो पुसला आणि नव्यानं लिहिलं:

'नव्या आर्थिक वर्षाचं अपडेट घेतल्यापासून एप्रिलचं मूल्यांकन थांबतं. ज्या मालाची विक्री मार्चमध्ये झाली आणि जो एप्रिलमध्ये परत आला, फक्त त्याच नोंदींवर. एप्रिलमध्येच विकून परत आलेला माल अडत नाही. अशा दोन्ही प्रकारच्या नोंदींचे नंबर आणि एररचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या प्रतीवरही हेच होतं. शनिवारी बँकेला विवरणपत्र जायचं आहे. म्हणून ही तक्रार सर्वांत वर घ्यावी. आमच्या बाकीच्या तक्रारी, डॅशबोर्डसकट, थांबल्या तरी चालतील.'

शेवटचं वाक्य दाखवायला ती केबिनमध्ये गेली.

"डॅशबोर्डसकट?" सरांच्या भुवया वर गेल्या.

"सर, डॅशबोर्डवर नफा कुठून येतो? याच मूल्यांकनातून. ते झालं नाही तर शुक्रवारी वितरकांसमोर चुकीचा आकडा चमकेल. छान रंगात, पण चुकीचा."

सर खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "माझं नाव टाका खाली. आणि वितरकांना मी आकडे कागदावरच दाखवतो. पूर्वी दाखवायचोच की!"

पत्र गेलं. जेवणाच्या सुट्टीआधी प्राधान्य बदलल्याची मेल आली, आणि दुपारी स्कूटीवरून ईश्वरी स्वतः हजर.

"तुम्ही दोन्ही प्रकारच्या नोंदी दिल्यात म्हणून बरं झालं," लॅपटॉप उघडत ती म्हणाली. "नाहीतर मी आधी सगळा डेटा उपसला असता."

परत आलेल्या मालाची किंमत प्रोग्रॅम मूळ विक्रीच्या बिलावरून उचलत होता. अपडेटनंतर तो बिल फक्त चालू वर्षातच शोधू लागला होता, आणि मार्चचं बिल तर मागच्या वर्षात. ईश्वरीनं दुरुस्ती केली ती चाचणीच्या प्रतीवर. मूल्यांकन शेवटपर्यंत गेलं.

"झालं! आता टाकू खऱ्या सिस्टीमवर?"

"थांब गं," अस्मिता म्हणाली. "आधी आकडे जुळवू."

दोघींनी काही वस्तूंच्या किमती हातानं काढून पाहिल्या. कैरीच्या लोणच्याची जुळली, गोडा मसाल्याची जुळली, मिरचीपूडही जुळली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअप घेऊन, सगळ्यांना सिस्टीममधून बाहेर काढून, दुरुस्ती चढवली. अस्मिता पडद्याकडे टक लावून बसली. या वेळी मूल्यांकन अडलं नाही. गोदामाचा आणि खात्याचा आकडा एकमेकांना भेटला. तिनं एप्रिल बंद केला आणि मग कुठे तिच्या लक्षात आलं, आपण सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही.

बँकेचं विवरणपत्र मुदतीआधीच गेलं. केयूर सर बैठकीची तयारी करत बाहेर आले. "मॅडम, नफ्याचा पक्का आकडा द्या. आणि त्या ईश्वरीला म्हणावं, डॅशबोर्ड सावकाश होऊ दे."

"सावकाश?" अस्मिताला हसू आवरेना.

"म्हणजे... सोमवारी चालेल," सर म्हणाले आणि तेही हसले.